मुंबईचे बारा, नागपूरचे बारा

आज आपण बोलणार आहोत घड्याळाबद्दल.

एक साधा प्रयोग सांगतो. उन्हात एक काठी सरळ रोवा. तिची सावली सगळ्यात आखूड होते, ती खरी दुपार. त्याच दिवशी मुंबईच्या बहिणीलाही हेच करायला सांगा. नागपूरची सावली मुंबईच्या आधी साधारण २५ मिनिटे आखूड झालेली असेल. पृथ्वी एक रेखांश फिरायला ४ मिनिटे घेते आणि या दोन शहरांत सव्वासहा रेखांशांचे अंतर आहे.

पूर्वी प्रत्येक गाव आपल्याच सूर्यावर घड्याळ लावायचे. बैलगाडीने आठवडे घालवून जाणाऱ्याला या २५ मिनिटांचे काय वाटणार? पण १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १८६७ पर्यंत रूळ नागपूरला पोचले. बऱ्याच ठिकाणी येण्याजाण्याला एकच रूळ होता. समोरची गाडी कुठल्या स्थानकावर थांबायची, हे वेळापत्रकावरून ठरे. दोन मास्तरांची घड्याळे वेगळी असती, तर गाड्या समोरासमोर येण्याची भीती होती.

मग सगळ्या मार्गावर एकच वेळ हवी, पण कोणाची? रेल्वेने मद्रासची निवडली. मद्रास मुंबई आणि कलकत्ता यांच्या साधारण मधे पडते आणि तिथे वेधशाळा होती. ताऱ्यांवरून वेळ पक्की करायची आणि तारायंत्राने इशारा पाठवायचा. तो तारेतून क्षणात दूरच्या स्थानकांवर पोचे आणि तिथली घड्याळे जुळवली जात. तार नसती, तर अचूक वेळ इतक्या लांब नेणार कशी?

यात प्रवाशाची मात्र पंचाईत व्हायची. मद्रासची वेळ मुंबईच्या अर्धा तास पुढे. वेळापत्रकात गाडी दहाची असेल, तर मुंबईच्या घड्याळात साडेनऊलाच सुटणार. घरचे घड्याळ पाहून दहाला पोचणाऱ्याला रिकामा फलाट दिसे.

१८८१ साली सरकारने मुंबईवर मद्रासची वेळ लादून पाहिली. लोकांनी ती मानली नाही आणि दोन वर्षांत हुकूम मागे घ्यावा लागला. १९०६ पासून देशभर आजची प्रमाणवेळ आली, ती साडेब्याऐंशी रेखांशाची. तरी मुंबईत जुनी वेळ पुढे कित्येक वर्षे चालूच राहिली.

म्हणूनच आजही घड्याळात बारा वाजतात, तेव्हा मुंबईत खरी दुपार व्हायला साधारण ३९ मिनिटे बाकी असतात आणि नागपुरात १४. ऋतूप्रमाणे हे आकडे पाव तासापर्यंत मागेपुढे होतात, पण दोन्ही शहरांतला फरक तोच राहतो. आपल्या गावात ही दुपार किती वाजता होते, ते काठी रोवून पाहा आणि पुढच्या बैठकीत सांगा.