झाकणाची खडखड आणि उरलेली वाफ

समजा, रेसिपीच्या यूट्यूब चॅनलसाठी हलता लोगो करायचा आहे. एक पातेलं, त्यावर खडखडणारं झाकण, कडेने निघणारी वाफ आणि खाली चॅनलचं नाव. व्हिडिओच्या सुरुवातीला तो दोन सेकंद दिसला तरी पुष्कळ झालं. चव चाखायला आलेला माणूस त्याहून जास्त थांबत नाही. पण लाइव्ह सुरू होण्याआधी किंवा शेवटच्या एंड स्क्रीनवर हेच पातेलं बराच वेळ उकळत ठेवावं लागतं. म्हणून कागदावरच दोन तुकडे पाडावेत: एक सेकंदाचं आगमन, ज्यात नाव उमटतं, आणि चार सेकंदांचा लूप, ज्यात नाव स्थिर असतं. नावच लूपमध्ये उमटवलं, तर दर फेरीला ते पुसावंही लागेल.

सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर लूप १०० फ्रेमचा, म्हणजे ० ते ९९. शंभरावी फ्रेम हुबेहूब शून्यासारखी हवी, पण ती रेंडर करायची नाही. केली, तर तेच चित्र लागोपाठ दोनदा येतं आणि हालचाल क्षणभर अडखळते.

खरी गंमत वाफेची आहे. एक झुळूक ५० फ्रेममध्ये वर जाऊन विरते आणि दर २५ फ्रेमना नवी निघते, असं ठरवू. ७५व्या फ्रेमला निघालेली झुळूक लूप संपताना अर्ध्या वाटेवरच असते. तिचं पुढे काही केलं नाही, तर फेरी बदलताच ती गायब होईल. म्हणून तिचीच प्रत उणे २५व्या फ्रेमपासून सोडायची. मग शून्यावर ती आधीच अर्धी वर आलेली दिसते. आगमनही २५ फ्रेमचंच ठेवलं, की ही झुळूक त्याच्या पहिल्या फ्रेमला निघते आणि सांधा आपोआप जुळतो.

आवाजाचंही हेच. झाकण दर २५ फ्रेमना आपटतं. स्टीलचा नाद दीड सेकंद घुमतो, तर शेवटच्या ठोक्याला एकच सेकंद मिळतो. उरलेला अर्धा सेकंद कापून लूपच्या सुरुवातीला मिसळायचा, आणि आगमनाची सुरुवातही ठोक्यानेच करायची, म्हणजे पहिल्या फेरीत तो नाद कुठून आला असं वाटत नाही. हा आवाज डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा. एमपी३ करताना सुरुवातीला बारीकशी शांतता घुसते आणि दर फेरीला ठेका चुकतो.

तपासायला टाइमलाइनवर लूप तीनदा जोडून ठेवावा. आधी डोळे मिटून ऐकावं, मग आवाज बंद करून नुसतं पाहावं. दोन्ही एकदम केलं की कान डोळ्यांना सांभाळून घेतात. वाफ जागेवर असूनही सांध्यावर धक्का जाणवला, तर जागा जुळली आहे पण वेग जुळलेला नाही. बहुतेकदा शेवटच्या कीफ्रेमला आपोआप लागलेला ‘ईझ’ हालचाल मंदावत असतो. तो काढून टाकावा. एंड स्क्रीन जास्तीत जास्त २० सेकंदांची असते, त्यात पातेलं बरोबर पाच फेऱ्या उकळतं.