शंभर पोळ्या, सव्वानऊची वेळ

मुंबईच्या उपनगरांत डबेवाला सकाळी नऊच्या सुमारास दारात येतो आणि थांबत नाही, कारण त्याला ठरलेली लोकल गाठायची असते. म्हणून घरगुती डब्यांचं वेळापत्रक त्याच्या वेळेपासून मागे मागे जात बांधावं लागतं. समजा पंचवीस डबे आहेत. प्रत्येकात चार पोळ्या, मटकीची उसळ, आमटी, भात आणि कोशिंबीर. डबेवाला सव्वानऊला येणार.

सगळ्यात जास्त वेळ खातात त्या पोळ्या. शंभर पोळ्यांना अडीच किलो कणीक लागते. एकीने लाटायच्या, दुसरीने भाजायच्या असं धरलं, तरी एका तव्यावर मिनिटाला एक हाच वेग शेवटपर्यंत टिकतो. म्हणजे शंभर मिनिटं. गरम पोळ्या लगेच डब्यात भरल्या तर वाफेचं पाणी सुटून खालची पोळी लिबलिबीत होते, म्हणून त्या फडक्यावर पसरून निवायला अर्धा तास हवा. भरणं पावणेनऊला सुरू करायचं, तर शेवटची पोळी सव्वाआठच्या आत उतरली पाहिजे आणि पहिली साडेसहाला तव्यावर पडली पाहिजे. कणीक सहाच्या आत तिंबून झाकून ठेवायची. ती मुरली नाही तर पोळ्या दुपारी वातड लागतात.

बाकीचा स्वयंपाक पोळ्यांच्या आजूबाजूला बसवायचा. तीन बर्नरची शेगडी असेल तर सहाला डाळीचा कुकर चढतो, सातला उसळ फोडणीला पडते. भात मुद्दाम शेवटी, आठनंतर. शिजलेला भात कोमट अवस्थेत तास न् तास पडून राहिला तर त्यात जंतू वाढतात, आणि त्यांतल्या काहींचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यामुळे भात, आमटी आणि उसळ वाफाळती भरायची, पोळ्या मात्र निवलेल्या.

उसळीची तयारी तर आदल्या दिवशी सकाळीच सुरू होते. किलोभर मटकी भिजत घालायची, संध्याकाळी उपसून फडक्यात बांधायची, की पहाटेपर्यंत मोड येतात. उन्हाळ्यात ती लवकर आंबते. आंबूस वास आला किंवा दाणे बुळबुळीत लागले तर सरळ टाकून द्यावी आणि बटाट्याची भाजी करावी. बटाटे घरात असायलाच हवेत. त्या दिवसांत ओल्या खोबऱ्याचं वाटणही नको, भाजलेलं सुकं खोबरं दुपारपर्यंत टिकतं.

वेळ चुकतेय हे ओळखायची एक खूण आहे. सात वाजून वीस मिनिटांनी निम्म्या पोळ्या झालेल्या असल्या पाहिजेत. नसतील, तर आच वाढवून उरकायला जाऊ नये, कडा कच्च्या राहतात. गाजर किसत बसण्याऐवजी काकडीच्या चकत्या द्याव्यात आणि तो मोकळा झालेला हात दुसऱ्या तव्यावर लावावा.