पासवर्ड फुटल्यावर दुकानदारानं लिहायचं पत्र

समजा, सांगलीत हळद, बेदाणे आणि मसाले विकणारं एक छोटं ऑनलाइन दुकान आहे. घरचीच माणसं, दोन मदतनीस, साडेतीन हजार ग्राहक. एका मंगळवारी सकाळी वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाचा फोन येतो. साइटवरचं एक प्लगइन बरेच दिवस अपडेट केलेलं नव्हतं, त्यातून कुणीतरी आत शिरलं आणि ग्राहकांच्या खात्यांची अख्खी यादी घेऊन गेलं. नाव, ईमेल, मोबाइल, पत्ता, पासवर्ड, सगळंच. आता ग्राहकांना कळवायचं कसं?

पहिला मसुदा बहुतेक वेळा असा उतरतो : “आमच्या प्रणालीत एक सुरक्षाविषयक घटना निदर्शनास आली आहे. आपली माहिती आमच्यासाठी अत्यंत मोलाची आहे. खबरदारी म्हणून आपला पासवर्ड बदलावा.” काय गेलं, कधी गेलं, कुणाच्या हलगर्जीमुळे गेलं, यातलं काहीच त्यात नाही. ग्राहक मनात म्हणतो, वर्षातून दोनदा हळद मागवतो, तिथला पासवर्ड गेला तर गेला. आणि मेल बंद करतो.

खरा धोका त्या दुकानातल्या खात्याला नसतोच. चोराला हवी असते ईमेल आणि पासवर्ड ही जोडी. ती जोडी हातात आली की एखादं सॉफ्टवेअर लावून तो ती जीमेलवर, फेसबुकवर, मोठ्या खरेदीच्या साइट्सवर चालवून बघतो, कारण पुष्कळ लोक सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतात. या प्रकाराला ‘क्रेडेन्शियल स्टफिंग’ म्हणतात. २०१२ मध्ये ड्रॉपबॉक्सनं स्वतःच सांगितलं होतं की, दुसऱ्या साइट्सवरून चोरलेले पासवर्ड वापरून काही खाती उघडली गेली आणि त्यात त्यांच्या एका कर्मचाऱ्याचंही खातं होतं. एवढ्या मोठ्या कंपनीत हे होतं, तर हळदीच्या दुकानातून गेलेला पासवर्ड ग्राहकाच्या ईमेलपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार?

म्हणून या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य एकच : हाच पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरत असाल, तर तिथे आजच बदला. त्यातही आधी ईमेलचा. बाकी प्रत्येक खात्याचा ‘पासवर्ड विसरलात?’वाला निरोप ईमेलवरच येतो. ईमेल चोराच्या हातात असेल, तर तुम्ही बदललेले बाकीचे पासवर्ड तो परत बदलू शकतो.

“पासवर्ड सुरक्षित स्वरूपात साठवलेले होते” या वाक्यानंही लोकांची दिशाभूल होते. बऱ्या साइट्स पासवर्ड आहे तसा ठेवत नाहीत. त्याचा हॅश, म्हणजे गणितानं तयार केलेली अक्षरांची एक ओळ, ठेवतात. हॅशवरून उलट गणित करून पासवर्ड काढता येत नाही, हे खरं. पण अंदाज बांधता येतो. एमडी-फाइव्ह या जुन्या पद्धतीनं `123456` चा हॅश नेहमी हाच येतो :

```
e10adc3949ba59abbe56e057f20f883e
```

ही ओळ इंटरनेटवर शोधली तरी मूळ पासवर्ड समोर येतो. शिवाय ही पद्धत इतकी वेगवान आहे की साधा संगणकही सेकंदाला लाखो अंदाज तपासतो. बीक्रिप्टसारखी नवी पद्धत मुद्दाम संथ केलेली आहे आणि ती प्रत्येक पासवर्डात वेगळी भर, म्हणजे ‘सॉल्ट’, घालते. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे निघतात. पण पासवर्ड `123456` च असेल, तर बीक्रिप्टही त्याला फार काळ वाचवू शकत नाही. दुकानात कुठली पद्धत होती ते वेबसाइटवाल्याला विचारून पत्रात सरळ लिहावं. जुनी पद्धत असेल, तर पासवर्ड उघड झाला असंच धरून चालावं.

पत्र पाठवण्याआधी दोन कामं उरकलेली हवीत. ज्या फटीतून चोर शिरला ती बुजवायची, आणि सगळे जुने पासवर्ड रद्द करून सगळ्यांना लॉगआउट करायचं. मग लिहायला बसावं. मी असं लिहीन :

“विषय : आमच्याकडून तुमचा पासवर्ड चोरीला गेला आहे

नमस्कार. ५ तारखेच्या रात्री आमच्या वेबसाइटमधून ग्राहकांच्या खात्यांची यादी चोरीला गेली. आम्हाला ते ९ तारखेला सकाळी कळलं. ज्या प्लगइनमधून चोर शिरला, ते आम्ही वेळेवर अपडेट केलं नव्हतं. चूक आमची आहे, आणि आम्ही तुमची मनापासून माफी मागतो.

तुमचं नाव, ईमेल, मोबाइल नंबर, पत्ता आणि पासवर्डचा हॅश गेला आहे. कार्डाचा नंबर आणि यूपीआय पिन आमच्याकडे नव्हताच. इथला तुमचा जुना पासवर्ड आम्ही रद्द केला आहे.

तोच पासवर्ड तुमच्या ईमेलला असेल, तर आधी तो बदला आणि तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. मग जिथे जिथे तोच पासवर्ड आहे तिथे बदला. प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा. आमच्याकडचा नवा पासवर्ड सवडीनं केलात तरी चालेल.

या पत्रात आम्ही मुद्दाम एकही लिंक दिलेली नाही. आमच्या साइटचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा. आम्ही फोन करून ओटीपी, पिन किंवा पैसे मागणार नाही. शंका असेल तर पावतीवरच्या नंबरवर फोन करा.”

कार्डाबद्दलचं वाक्य लिहिण्याआधी खात्री करून घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही. पण चोरानं पैसे भरायच्या पानावरच स्वतःचा कोड घुसवला असेल, तर तिथे टाइप केलेला नंबर परस्पर त्याच्याकडे जातो. ते तपासल्याशिवाय “कार्ड सुरक्षित आहे” असं लिहू नये.

लिंक न देण्यामागे कारण आहे. अशी बातमी फुटली की चोर हुबेहूब असंच माफीपत्र तयार करतात आणि ‘इथे क्लिक करून पासवर्ड बदला’ म्हणून खोट्या पानावर नेतात. पत्ता आणि मोबाइल नंबर गेला असेल तर फोनही येतात. “ताई, तुमचं हळदीचं पार्सल अडकलंय, पत्ता बरोबर आहे ना? पाच रुपये भरा, ओटीपी सांगा.” पत्ता अचूक सांगितल्यामुळे माणूस फसतो. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करायचा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची.

पाठवतानाही जपावं. घाईत साडेतीन हजार पत्ते ‘टू’ किंवा ‘सीसी’मध्ये टाकले, तर सगळ्यांचे ईमेल सगळ्यांना दिसतात, म्हणजे दुसरी गळती दुकानानंच केली. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांनाच पाठवता येतं, तेव्हा ज्या मेल सेवेवरून ऑर्डरच्या पावत्या जातात तीच वापरावी.

सर्ट-इनच्या २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावी लागते. ग्राहकाला कळवण्याचं बंधन २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ही तरतूद त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहे. काय झालं, त्याचे परिणाम काय, दुकानानं काय केलं, ग्राहकानं काय करावं आणि कुणाशी बोलावं, हे विलंब न लावता सोप्या शब्दांत सांगा, असं ते नियम म्हणतात.

तपास संपेपर्यंत पत्र अडवून ठेवू नये. पहिल्या दिवशी जेवढं नक्की कळलं तेवढं लिहावं, आणि पुढचं पत्र कोणत्या तारखेला येईल तेही त्यातच सांगावं. दुसऱ्या पत्रात तपासाचा निष्कर्ष द्यावा, आणि ज्यांना आपलं खातं कायमचं काढून टाकायचं असेल त्यांना ते कसं काढायचं तेही लिहावं.