ढग हाकलायचे नसतात

समजा, मस्कतच्या रुवीत रात्रीचे अकरा वाजलेत. साताऱ्याला एकट्या राहणाऱ्या आईनं लेकीचा फोन उचललेला नाही. तिकडे साडेबारा झालेत, म्हणजे आई झोपली असणार. तरी मनात येतंच, ‘तिला काही झालं असेल.’ मग वाद सुरू होतो. काल तर बरी होती. पण काल बोलताना दम लागत होता ना? शेजारी आहेत की. पण तेही झोपले असतील. प्रत्येक उत्तराला नवा ‘पण’ फुटतो आणि एक वाजतो.

अशा वेळी विचारांना ढगांसारखं जाऊ द्यावं, असं स्वीकारावर आधारलेल्या उपचारपद्धतीत शिकवतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांनी ती घडवली.

गैरसमज असा, की जाऊ देणं म्हणजे विचार मनातून काढून टाकणं. 1987 साली डॅनियल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा, असं सांगितलं. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर अस्वलाचा विचार करायची मुभा मिळाली, तेव्हा तर सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षाही या मुलांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं.

मग ढग निदान लवकर तरी सरकावा, ही दुसरी अपेक्षा. माझ्या मते खरी गोची इथेच होते. ओमानमध्येच सलालाहचा खरीफ पाहा. जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचे ढग धोफारच्या डोंगरांना धरून बसतात. वर उबदार हवेचं झाकण असल्यानं त्यांना उंच चढता येत नाही. भुरभुर आणि धुकं चालूच राहतं. त्या ढगाखालीच लोक गाडीचे दिवे लावून कामाला जातात. काही विचारही असेच मुक्काम ठोकतात.

म्हणून त्या लेकीनं मनाशी म्हणायचं, ‘आईला काही झालं असेल, असा विचार मला आलाय.’ वाक्य जवळपास तेच, पण आता ती बातमी राहत नाही, विचार ठरतो. तो आकाशातल्या एका ढगावर ठेवायचा, खरा की खोटा हे ठरवायला बसायचं नाही आणि हातातल्या कामाकडे वळायचं. परत आला की परत तेच. दर वेळी ‘गेला का?’ म्हणून डोकावणं सुरू झालं, तर समजावं की हाकलणंच वेगळ्या नावानं चाललंय.

याचा अर्थ हात बांधून बसणं नव्हे. आईला खरंच दम लागत असेल, तर तिला डॉक्टरकडे न्यायची सोय करायलाच हवी. आणि विचार स्वतःला इजा करण्याचे असतील, तर ढगांवर विसंबू नये. त्याच वेळी जवळच्या माणसाला सांगावं, डॉक्टर गाठावा.

लेक शेजारच्या काकूंना ‘सकाळी जरा डोकावाल का?’ एवढा निरोप पाठवते आणि सकाळच्या डब्यासाठी मटकी निवडायला घेते. विचार अजून आहे. मूठभर मटकी निवडून होते, तो पुन्हा येतो. ती त्याला नाव देते आणि पुढची मूठ ताटात ओतते.