जुलैचा रकाना रिकामा का?

रत्नागिरीचा एक आंबा व्यापारी धरू. एप्रिलमध्ये त्याची विक्री 4 लाख, मेमध्ये 6 लाख, जूनमध्ये 1 लाख. पुढे मार्चपर्यंत काहीच नाही. 1 एप्रिलपासूनची चढती बेरीज पाहण्यासाठी त्याने पॉवर बीआयमध्ये हे सूत्र लिहिलं:

```
YTD = TOTALYTD(SUM(Sales[Amount]), 'Date'[Date], "3-31")
```

जुलैसमोर 11 लाख दिसायला हवेत, पण रकाना रिकामा दिसतो. बारकाईने पाहिलं तर मेसमोरही 10 नव्हे, 6 लाखच आहेत. खरी खूण तिथेच मिळते: बेरीज चढतच नाही.

TOTALYTD आधी रकान्यातली शेवटची तारीख शोधतं, इथे 31 जुलै. मग 1 एप्रिलपासून तिथपर्यंतच्या तारखांची चाळणी लावतं. इथवर सगळं बरोबर आहे. पण अहवालात महिन्याची जुलै ही चाळणी आधीच लागलेली असते. ती उठली नाही, तर दोन्हींतून फक्त जुलैच्या तारखा उरतात, आणि जुलैत विक्री शून्य.

तारखांचा तक्ता तारखांचाच आहे असं पॉवर बीआयला सांगितलं, की असं सूत्र चालताना त्या तक्त्यावरच्या बाकीच्या चाळण्या ते आपोआप काढून टाकतं. दोन तक्ते थेट तारखेच्या रकान्यावर जोडलेले असतील, तर न सांगताही हे घडतं. म्हणून तेच सूत्र एका फायलीत चालतं आणि दुसरीत अडतं. आपल्या व्यापाऱ्याचे तक्ते 20240701 अशा आकड्याने जोडलेले आहेत, त्यामुळे त्याला सांगणं भाग आहे.

वेगळा तक्ताच नसेल आणि सूत्रात Sales मधलीच तारीख दिली असेल, तर अडचण आणखी मुळातली असते. विक्रीच्या नोंदींत जुलैची एकही तारीख नाही, मग शेवटची तारीख मिळणार कुठून? अशा वेळी आधी तक्ता बनवावा:

```
Date = CALENDAR(DATE(2024,4,1), DATE(2025,3,31))
```

त्यात महिन्याचा रकाना घालावा, तो विक्रीच्या तक्त्याशी जोडावा आणि अहवालातला महिना इथूनच घ्यावा. मग तक्त्यावर राइट-क्लिक करून Mark as date table निवडावं आणि Date हा रकाना दाखवावा. त्यात एकही तारीख गाळलेली, दोनदा आलेली किंवा कोरी चालत नाही. आता मेसमोर 10, जूनसमोर 11 आणि जुलैपासून मार्चपर्यंत 11 लाख दिसतील.

एक रिकामेपणा मात्र यानेही जात नाही. तक्ता मार्च 2026 पर्यंत वाढवला आणि त्या वर्षाची विक्री अजून नोंदलेली नसेल, तर खालच्या एकूण ओळीत पुन्हा कोरी जागा येते, कारण तिथे शेवटची तारीख 31 मार्च 2026 धरली जाते. त्यासाठी अहवालावर आर्थिक वर्षाची चाळणी लावावी लागते.