तारीख बदलता येत नाही, हे अर्जात दाखवायचे कसे?

व्हिसाच्या मुलाखतीसाठी रजा मागताना बहुतेक अर्जांत एकच वाक्य असते : ‘महत्त्वाच्या वैयक्तिक कामामुळे दोन दिवसांची रजा मिळावी.’ कामाचा ताण असला की साहेब हमखास विचारतात, ‘पुढच्या आठवड्यात जा ना!’ त्यावर तोंडी दिलेले उत्तर फाइलवर राहत नाही. ते अर्जातच असायला हवे.

अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाचे उदाहरण घेऊ. एका पंचायत समितीतल्या कनिष्ठ सहायक बाईंना मुलीकडे जायचे आहे. मुंबईत त्यांना दोन ठिकाणी हजर राहावे लागते. आधी व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो, मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. त्यामुळे एका कामाला दोन दिवस जातात आणि हे माहीत नसलेल्या अधिकाऱ्याला दुसरा दिवस जास्तीचा वाटतो.

तारीख बदलण्याचा नियमही त्यांना सांगावा लागतो. १ जानेवारी २०२५पासून भारतातल्या अर्जदाराला मुलाखतीची तारीख एकदाच मोफत बदलता येते. ती संधी वापरल्यावर पुन्हा बदल हवा असेल किंवा मुलाखत चुकली, तर १८५ डॉलर शुल्क नव्याने भरून नवी तारीख घ्यावी लागते. आपल्या बाईंनी ही संधी जानेवारीत वापरली, तीही कार्यालयात लेखापरीक्षण होते म्हणून. नवी तारीख आली नेमकी मार्चअखेरच्या धावपळीत. त्यांचा अर्ज असा असावा :

दि. १६ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती

विषय : दि. ११ व १२ मार्च २०२६ रोजी किरकोळ रजा व मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,
अमेरिकेच्या व्हिसासाठी मला बुधवार, दि. ११ मार्च रोजी मुंबईत ठसे देण्यासाठी व गुरुवार, दि. १२ मार्च रोजी सकाळी मुलाखतीसाठी हजर राहायचे आहे. जानेवारीतील लेखापरीक्षणामुळे मी ही तारीख एकदा पुढे घेतली आहे. आता ती बदलल्यास शुल्क वाया जाऊन अर्जदारांच्या रांगेत पुन्हा यावे लागेल. माझ्याकडील देयके मी दि. १० मार्चपर्यंत पूर्ण करीन. रजेच्या काळात माझे टेबल सांभाळण्यास सहकारी तयार असून त्यांची सही सोबत आहे. शुक्रवार, दि. १३ मार्च रोजी मी कामावर हजर होईन. तरी दोन दिवसांची रजा मंजूर व्हावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही)

सोबत : भेटीच्या वेळेचे पुष्टिपत्र.

मुख्यालय सोडण्याची परवानगी अनेक जण मागायची विसरतात. रजा मंजूर असली तरी सरकारी कर्मचाऱ्याला ती वेगळी लागते. पुष्टिपत्राची प्रत जोडताना पासपोर्ट क्रमांक झाकावा. संपूर्ण व्हिसा अर्ज जोडण्याची गरज नाही. त्यात घरची माहिती असते आणि रजेच्या फाइलला तिचा उपयोग नाही.

दुसरा घोळ होतो तो परवानग्यांचा. ही रजा फक्त मुंबईला जाण्यासाठी आहे. प्रत्यक्ष परदेश प्रवासासाठी सरकारी कर्मचाऱ्याने वेगळा अर्ज करून कार्यालयाची परवानगी घ्यायची असते. पासपोर्ट काढतानाही कार्यालयाला दिलेले पूर्वसूचनापत्र किंवा कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र हा वेगळा कागद असतो. तिन्ही गोष्टी एकाच अर्जात कोंबल्या की तो वरच्या कार्यालयाकडे मार्गदर्शनासाठी जातो आणि साधी दोन दिवसांची रजाही त्याच्याबरोबर अडकते.

पासपोर्टच्या भेटीबाबत मात्र ‘तारीख बदलता येत नाही’ असे सरसकट लिहू नये. पासपोर्ट सेवा केंद्रातली भेट वर्षभरात तीन वेळा पुढे ढकलता येते, आणि स्वतः पासपोर्ट काढलेल्या साहेबांना हे ठाऊक असते. तिथे खरे कारण लिहावे : तीनही संधी संपल्या आहेत, किंवा पुढची उपलब्ध तारीख प्रवासाच्या दिवसानंतरची आहे.

इतके करूनही रजा नाकारली जाऊ शकते. सरकारी सेवेत ती हक्क म्हणून मागता येत नाही. म्हणून तारीख हातात आली की त्याच आठवड्यात अर्ज द्यावा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा आणि मंजुरी लेखी मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. ‘जा, बघू नंतर’ या तोंडी होकारावर मुंबईची गाडी पकडू नये. साहेबांची बदली झाली, तर तो होकार कुठल्याच फाइलमध्ये सापडत नाही.