वीस हजार पाचशे, पण कशातून?

शेजारच्या वहिनींनी वही पुढे केली. ‘‘बघा, कुठे जास्त होतंय?’’ किराणा 9,000, दूध-भाजी 5,500, पेट्रोल 2,800, हॉटेल 3,200. एकूण 20,500. पानावर एवढंच.

हॉटेलवर बोट ठेवायचा मोह झालाच. पण घरात येतात किती, हे कळल्याशिवाय 3,200 जास्त म्हणायचे कशाच्या जोरावर? मी पासबुक मागितलं.

हातात पडणारा पगार 45,000. भाडं 12,000 आणि गाडीचा हप्ता 6,500 परस्पर जातात, म्हणून वहीत नव्हते. ते आणि वहीतला खर्च वजा जाता 6,000 उरायला हवेत. उरत मात्र नव्हते. कारण जूनमध्ये सापडलं: शाळेची फी 36,000, विम्याचा हप्ता 18,000. वर्षातून एकदाच येणारे हे 54,000 बारा महिन्यांत वाटले की महिना 4,500. खरी शिल्लक 1,500.

‘‘साठवायचंय कशासाठी?’’ दहा महिन्यांत लेकीच्या लॅपटॉपला 60,000, म्हणजे महिना 6,000. तूट 4,500. हॉटेल पूर्ण बंद केलं तरी 1,300 कमीच पडतात. मुदत वीस महिने केली, तर मात्र हॉटेलातले निम्मे वाचवले तरी जमतं.